फोनमधली दुसरी खोली

ब्लाउज शिवायचं माझं काम वाढलं तेव्हा मी दुसरं सिम घेतलं. घरात फोन एकच, आणि तो सगळ्यांच्या हातात. मुलं गेम खेळतात, सासूबाई नातेवाइकांचे फोटो बघतात. त्यात गिऱ्हाइकं ट्रायलचे फोटो पाठवतात. पाठ किती खोल, काखेपाशी मुंडा कुठं आवळतोय हे दाखवायला. ते फोटो घरच्या फोटोंत यायला लागले आणि मला धडकी भरली. बायका विश्वासानं पाठवतात.

मोबाइल दुकानदारानं उपाय सांगितला. "ताई, फोनमधीच दुसरी स्पेस करा. तिला येगळं लॉक. तिकडचं हिकडं दिसायचं न्हाय."

खरंच दिसेना. दुसरा पासवर्ड टाकला की तोच फोन परका वाटायचा: वेगळे फोटो, वेगळे नंबर, मेसेजचं तेच ॲप पण धंद्याच्या नंबरावर. मी खूश झाले. मग हळूहळू डोकं फिरायला लागलं. एखादी डिझाइन घरच्या बाजूला सेव्ह केलेली असली, की ती दुसऱ्या स्पेसमध्ये सापडायचीच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती तिकडं हलवायची. आणि घरच्या बाजूला असले, की फोन पलीकडचं ॲप झोपवून टाकायचा. मेसेज आलेला कळायचा नाही. आत गेलं की सगळे एकदम टणाटण पडायचे. म्हणून मी दिवसातनं चार वेळा आत डोकावायची. पण लग्नसराईत हात मशिनवर असतात, डोळे सुईवर. कितीदा डोकावणार? दोन-तीन दिवस तसेच जायचे.

जयसिंगपूरची एक मुलगी होती. तिच्या शालूचं ब्लाउज माझ्याकडं होतं. आखूड बाह्या, कडेला मोत्यांचं आरीकाम. बाह्यांनीच माझी पाठ मोडली होती. ब्लाउज तयार झालं आणि ठरल्या दिवशी मायलेकी न्यायला आल्या. मी कौतुकानं ते उलगडून पुढं धरलं.

मुलीनं बाही दंडाला लावून बघितली. आई म्हणाली, "अवो ताई, हे काय? बाही कोपराखाली घ्या म्हणून सांगितलं हुतं की!"

"मला कुणीच सांगितलं नाही."

मुलीनं फोन काढून दाखवला. तिचा लांब मेसेज होता, खाली हाताचा फोटो. ती गाडीवरनं पडली होती, दंडाला टाके पडले होते. ते दिसू नयेत म्हणून लांब बाही हवी होती. मेसेजपुढं एकच टिक, म्हणजे मला पोचलाच नव्हता. "त्याच ॲपवरनं कॉल पण केला, ताई. तुम्ही उचलला न्हाईसा. मला वाटलं कामात असशीला, बघशीला मागनं."

साधा फोन लावला असता तर वाजला असता. पण आता साधा फोन कोण लावतं?

त्यांच्यासमोरच मी पासवर्ड टाकून आत गेले. फोन थरथरला आणि तो मेसेज तेव्हा माझ्या हातात पडला. तिच्या स्क्रीनवर दुसरी टिक उमटली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, फोन उचलून भिंतीवर आपटावा.

पहिल्यांदा भानावर आली ती आई. "रडून काय हुतंय? कापड कुठनं आणायचं ते बघूया."

ब्लाउजपीसचं काही उरलं नव्हतं. शेवटी शालूचाच, नेसताना आत जाणाऱ्या टोकाचा तुकडा कापायचं ठरलं. एवढ्या भारी शालूला कात्री लावताना माझा हात अडला, तेव्हा टोक ताणून धरलं ते त्या आईनं. मी आखूड बाहीला खाली कापड जोडलं आणि जोडावर मोत्यांची आणखी एक ओळ ओढली. जोड कळेना. मुलीनं आरशासमोर दंड वर-खाली करून बघितला आणि म्हणाली, "हे पहिल्यापेक्षा बरं दिसतंय." मला बरं वाटायला हवं होतं, पण मी अजून धुमसतच होते.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडं गेले. तो म्हणाला, "मग क्लोन करा. घरच्या बाजूलाच ॲपची दुसरी कॉपी ठेवायची." त्याच नंबरानं क्लोन चालू केला, तसं दुसऱ्या स्पेसमधलं खातं बाद झालं. जुनी बोलणी तिकडंच राहिली. माझ्या फोनच्या क्लोनमध्ये बॅकअप काही उतरेना. गिऱ्हाइकांची मापं तिकडं जाऊन बघून इकडं उतरवून घेतली. क्लोनवरची बॅटरीची बंधनं काढली, ॲपला लॉक लावलं, त्यातले फोटो घरच्या फोटोंत उतरणं बंद केलं. आता मेसेज वेळेवर येतात.

फक्त दोन्ही चिन्हं सारखीच दिसतात, क्लोनच्या कोपऱ्यात एवढीशी खूण. परवा भावाला पाठवायचं "येताना भाकरी घेऊन ये" हे एका गिऱ्हाइकाला गेलं. तिनं विचारलं, "किती आणू?"