खाडाखोडीवर सही

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर गहिनीनाथने नऊ वर्षं काढली होती. आता त्याला रांजणगावच्या कंपनीत लाइन लीडरची जागा मिळत होती. अट अशी की आठ वर्षांचा अनुभव कागदावर दिसला पाहिजे. तेवढा नसेल तर साधा ऑपरेटर म्हणून घेऊ, पण जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर दोन्ही जागांसाठी हवंच.

राजीनामा बायकोने, सुकन्याने, लिहून दिला. ती बारावी पास, अक्षर सुरेख. महिन्याची नोटीस, कामाचा शेवटचा दिवस, रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, शिल्लक रजेसकट पूर्ण हिशेब. मागण्यासारखं काही म्हणून तिने सोडलं नाही. सुरुवातच केली होती, 'मी आपल्या कंपनीत नऊ वर्षांपासून काम करीत आहे.' ही ओळ गहिनीनाथने चारदा वाचली. नऊ वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?

एचआरचे आदिनाथ साहेब नेमके तिथेच अडले.

"नऊ कशी? कंपनीच्या पटावर तुम्ही पाच वर्षं. आधीची चार ठेकेदाराकडची."

"पण साहेब, मशीन तर हेच हुतं. आमी बी हितंच हुतो."

"असं लिहून घेतलं तर उद्या नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी मागाल. आकडा खोडा, मग पोच देतो. राहिलेल्या चार वर्षांचा दाखला ठेकेदाराकडून आणा."

ठेकेदार वाल्मिक केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता. फोनही लागत नव्हता. हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं, आणि गहिनीनाथला संताप आला तो त्याचाच. पण संताप करून जाणार कुठे? पोच नाही तर नोटीस सुरू नाही, नोटीस नाही तर लेटर नाही. लाइन लीडर तर गेलंच होतं, आता ऑपरेटरची जागाही हातची गेली असती.

त्याने दोन्ही प्रतींवर सुकन्याच्या 'नऊ'वर रेघ ओढली आणि वर 'पाच' लिहिलं.

"खाडाखोडीवर सही करा," साहेब म्हणाले. "नाहीतर उद्या म्हणाल, आम्हीच खोडलं."

सहीसाठी कागद डाव्या हाताने दाबून धरावा लागला. त्या हाताचं मधलं बोट दुसऱ्या पेरावरच संपलेलं होतं. प्रेसने घेतलं होतं ते. साहेबांची नजर तिथे गेली आणि ते घाईघाईने ड्रॉवरमध्ये शिक्का शोधायला लागले.

गहिनीनाथला राहवलं नाही. "साहेब, ह्ये बोट त्या चार वर्षांतलं हाय. मी हितं नव्हतोच, तर ह्ये कुठं गेलं?"

आदिनाथ साहेबांनी शिक्का मारला, खाली तारीख टाकली आणि पोचेची प्रत मान वर न करता त्याच्यापुढे सरकवली.