मॅडम भेते तो रकाना

मी चौथीला शिकवते. नागभीडजवळच्या त्या शाळेत येऊन मला वर्षही झालं नव्हतं, आणि किड्यांना मी घाबरते हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पावसाळा सरत आला होता. मी मुलांना चिठ्ठ्या देऊन शाळेमागच्या बांधावर नेलं. जाळीदार शिरांचं पान शोधा, सरळ शिरांचं शोधा, कुरतडलेलं पान शोधा आणि ते कुणी कुरतडलं तेही बघा. किड्यांचे पाय मोजा, त्यांचं चित्र काढा. अट एकच होती : जीव तिथेच पाहायचा, मारायचा नाही.

पळसाचं पान मिळालं, धानाचं मिळालं. रुईवर पट्टेरी अळ्या पान खाताना सापडल्या. मी लांबूनच "छान, छान" म्हणत होते. तेवढ्यात धानातून एक मोठा हिरवा नाकतोडा उडाला आणि थेट माझ्या छातीवर बसला.

मी किंचाळले. ओढणी फेकून पळाले, चप्पल चिखलातच राहिली. मागे वळून पाहिलं तर वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी ओढणीवर माझीच चप्पल आपटत होती.

"भेऊ नोका मॅडम," ती धापा टाकत म्हणाली. "मी मारलं त्याले."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आम्ही अंगणात परतलो. मातीत रकाने आखून मुलं आपापली पानं आणि चित्रं मांडू लागली. मेलेला नाकतोडा तिनं पळसाच्या पानावर ठेवून आणला होता. पाय सहा, पंख चार, हे तिनं बरोबर मोजलं. कोळ्याचं चित्र आठ पायांच्या रकान्यात गेलं. मग तिनं काडीनं आणखी एक रकाना आखला आणि नाकतोडा त्यात ठेवला.

"हा कसला गं?"

"मॅडम भेते तो रकाना."

 तो रकाना पायानं पुसावा असं वाटलं. पण मुलं वाट बघत होती आणि उत्तर द्यायलाच हवं होतं. मी खाली बसले.

"भीती माझी आहे," मी म्हटलं. "त्याच्या अंगावर ती कुठे दिसते का? रकाना करायचा तर त्याच्याकडे पाहून करायचा. पाय, पंख, तोंड. मी भ्याले म्हणून तो वेगळा होत नाही."

तिनं बराच वेळ त्या नाकतोड्याकडे पाहिलं. मग त्याला उचलून सहा पायांच्या रकान्यात ठेवलं.

"मंग तुमी काऊन भेल्या?"

"माहीत नाही."

"मंग म्या त्याले काऊन मारलं?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले.  ती रडू लागली. तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मला मान वर करवेना.