‘कविता’ची ‘किवता’

वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन सोनगीरला परतलेल्या लीलाधरभाऊ बैसाणेंनी नव्वदच्या दशकातच आपलं आत्मचरित्र स्वच्छ प्रमाण मराठीत कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलं होतं. दहा-बारा वर्षांनी त्यांनी ते पुण्यातल्या एका संपादकांना ईमेलने पाठवलं. त्यातला जुना मराठी फॉन्ट पुण्यात नव्हता, त्यामुळे तिथे नुसती चिन्हं उमटली. मग भाऊंनी धुळ्यात घाईघाईने ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घेतलं. अक्षरं आली, पण जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप होणारी ऱ्हस्व वेलांटी कुणी त्या अक्षरानंतर सरकवलीच नाही. ‘कविता’ची ‘किवता’ झाली, ‘परिवार’चा ‘पिरवार’.

संपादकांचा फोन आला. “काय अस्सल खानदेशी बोली आहे हो! मातीचा गंध येतो.”

“साहेब, त्या वेलांट्या चुकल्यात,” भाऊ ओशाळून म्हणाले.

त्यांनी नेमका त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर मिळवला, पानन् पान जुन्या प्रिंटशी ताडून पाहिलं आणि पुन्हा पाठवलं.

पुन्हा फोन आला. “आता फारच पुस्तकी झालंय. तुमच्या लोकांचा आवाज हरवला. आधीचंच छापू या?”

आयुष्यभर साहेबांशी प्रमाण मराठीत बोललेले भाऊ पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलले, “साहेब, ती बोली आमनी नही, कॉम्प्युटरनी शे!”

पुस्तक धुळ्यात छापलं.