आईचा जळका चार्जर

महाडच्या बाजारपेठेतल्या त्या मोबाईलच्या दुकानात मी शिरले तेव्हा जळका चार्जर माझ्या पर्समध्ये रुमालात बांधलेला होता. मी तो काउंटरवर, काचेखाली मांडलेल्या नव्याकोऱ्या फोनांच्या बरोब्बर वर ठेवला. एका बाजूने प्लास्टिक वितळून ओघळलं होतं, पिना काळ्या पडल्या होत्या आणि वास अजून येत होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी वाकून बघितलं. मला तेच हवं होतं.

दुकानदार आईच्या माहेरच्या गावचा. त्यामुळे आईला आत्या म्हणतो आणि मला ताई. ह्या नात्यानेच सगळा घोळ केला. तीनच आठवड्यांपूर्वी मी आईसाठी चार्जर घेतला तेव्हा बिल मागितलं होतं. तर म्हणाला, "ताई, आपल्या माणसाला बिल कसलं? काय झालं तर मी आहे ना!" मला संकोच वाटला. आपल्या माणसाकडे बिल मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, हे आमच्याकडे लहानपणापासून डोक्यात भरवलेलं असतं. वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करते, पावती नसेल तर पोरांचे अर्ज परत पाठवते. आणि स्वतः? स्वतः हसत हसत फोनवरून पैसे दिले आणि बाहेर पडले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

"आता काय झालं ते झालं," मी म्हणाले. "आणि तू आहेस ना, तर बोल."

त्याने चार्जर दोन बोटांनी उचलला. "ताई, गरम तर सगळेच होतात."

"गरम? आत्याची दोन बोटं भाजलीत तुझ्या. पोलादपूरच्या दवाखान्यात नेऊन पट्टी करावी लागली."

त्याचा चेहरा पडला, खोटं कशाला बोलू. पण दुकानदार तो दुकानदार. लगेच सावरला. "वरती कुडपणला व्होल्टेजच तसं असतं. आणि आत्या चार्जर कुठे लावायची? पिशवीतच ना?"

हे त्याला माहीत होतं, कारण वरच्या वाडीत सगळेच तसं करतात. कुडपणच्या आमच्या घरात रेंज येते ती फक्त ओटीवरच्या खिडकीपाशी. तिथे बोर्डाच्या वर एक खिळा आहे, त्याला कापडी पिशवी टांगलेली आणि पिशवीत फोन. फोन खाली ठेवला की रेंज गेली. त्यातून आईचा फोन म्हणजे माझाच जुना, बॅटरी उतरलेली, चार्जिंगवरून काढला की तासाभरात मान टाकणार. म्हणून तो कायम चार्जिंगला. पिशवी फुगली की चार्जरवर येऊन टेकायची. आणि कायम लावून ठेव हे आईला सांगितलं होतं मीच. ती एकटी राहते. फोन लागला नाही की माझा जीव टांगणीला लागतो, आणि मग लागला की मी तिच्यावर तोंड सोडते.

"पिशवीत फोन होता, चार्जर नव्हता," मी म्हणाले. "आणि पिशवी टेकली म्हणून चार्जर वितळत असेल तर तो चार्जर आहे की मेणबत्ती?"

मागचं गिऱ्हाईक हसलं. दुकानदाराने मुकाट्याने खालचं खोकं वर काढलं आणि त्यातला दुसरा चार्जर माझ्यापुढे सरकवला. "हा घ्या बदलून. विषय संपला."

तेच खोकं. तोच रंग, तीच कंपनी. मला असा संताप आला म्हणून सांगू!

"एकाने हात भाजला, आता दुसऱ्याने घर जाळायचं का? वर माळ्यावर भाताचा पेंढा भरलेला असतो, ठाऊक आहे ना तुला? शेजारच्या काकीने धावत येऊन मेन स्विच पाडला म्हणून वाचली ती. मला बदलून नको, पैसे परत दे. आणि हे खोकं आधी बाजूला ठेव. वरच्या गावांची सगळी माणसं तुझ्याकडूनच नेतात."

त्याने मानेनेच भिंतीवरची पाटी दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"ही पाटी काढून ठेव," मी म्हणाले. "खराब माल निघाला तर तीस दिवसांच्या आत परत घ्यावाच लागतो. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने चूकच. आणि पैसे कधी दिले ते माझ्या फोनात आहे."

मग त्याने हुकमाचं पान टाकलं. चार्जरवर बारीक अक्षरांत सरकारी नोंदणीचा नंबर होता. तो त्याने सरकारच्या ॲपवर घालून मला दाखवला. कंपनीचं नाव बरोबर आलं. "बघा! ओरिजिनल माल आहे. मी काय घरी बनवला? कंपनीची सहा महिन्यांची वॉरंटी आहे, कंपनीशी बोला."

"ओरिजिनल आहे तर जळला कसा?"

ह्यावर त्याने खांदे उडवले. पण बिल मात्र दिलं, खरेदीच्या दिवशीच्या तारखेचं, फोनवरून पैसे दिल्याची खूण त्यावर लिहून. खोकं काउंटरखाली सरकवलं. विकायचं थांबवलं की नुसतं माझ्या नजरेआड केलं, देव जाणे. मी जळका चार्जर परत रुमालात बांधला आणि पाय आपटत निघाले.

कंपनीला फोन लावणं म्हणजे वेगळीच तपश्चर्या. भाषेसाठी हे बटण दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, मग गाणं ऐका. शेवटी एक मुलगी आली. हिंदीत म्हणाली, असुविधेबद्दल खेद आहे. मी म्हटलं, असुविधा नाही झाली बाई, माझ्या आईचा हात भाजला. ती म्हणाली, मॅडम, चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावून बघा, चालतो का.

मी परत विचारलं. "जळलेला चार्जर परत लावू?"

"हो मॅडम, ही पहिली स्टेप आहे."

"आणि दुसरी स्टेप काय? अग्निशमन दल?"

तिचा काय दोष, समोर लिहिलेलं वाचत होती बिचारी. पण तेव्हा मी तिला बिचारी म्हटलं नाही. नको नको ते बोलले आणि फोन ठेवला. त्याच दिवशी दुपारी, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत, सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अर्ज लिहिण्यात मला कोण हरवणार! वस्तू अमुक, खरेदी अमुक दिवशी, वापरताना प्रमाणाबाहेर तापून वितळली, वयस्कर व्यक्तीला इजा, घराला आग लागण्याचा धोका. मागणी: पैसे परत, आणि त्याच लॉटच्या बाकीच्या मालाची तपासणी. सोबत चार फोटो, बिल आणि दवाखान्याचा कागद जोडला. तक्रार क्रमांक आला तेव्हा जरा हायसं वाटलं.

तीन दिवसांनी कंपनीची मेल आली. भाषा एकदम मऊ झालेली. चार्जर फेकू नका, आमचा माणूस तपासणीसाठी घेऊन जाईल, आणि सोबतचा फॉर्म भरा. फॉर्मात बरेच प्रश्न होते. फोन कोणता, केबल कोणती, चार्जर किती वेळ चालू होता. मी भराभर उत्तरं लिहीत गेले आणि एका प्रश्नापाशी अडले. चार्जर जास्त तापतो हे ग्राहकाच्या लक्षात केव्हा आलं? लक्षात आल्यावर वापर चालू ठेवला का?

अर्थात 'नाही'. उत्तर मला ठाऊक होतं. अचानक पेटला, लक्षात यायला वेळच कुठे होता? तरी खोटं ठरायला नको म्हणून ठरवलं, रविवारी वर जातेच आहे तर आईला विचारू. पोलादपूरहून एसटीने कुडपणला पोचले. आई ओटीवर बसून डाव्या हाताने नाचणी पाखडत होती. उजव्या हाताला पट्टी.

"आई, तो चार्जर तापायला लागला कधी?"

"कधीचा." तिने सूप हलवणं थांबवलं नाही. "आणलास त्याच्या चार-पाच दिसांनी. हात लावला की चटका बसायचा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "आणि तू तो तसाच ठेवलास? वेडी आहेस का तू? बंद नाही करायचा? वर पेंढा आहे, घर पेटलं असतं म्हणजे?"

"वास पण यायचा गो कधी कधी," ती म्हणाली. "त्या दिशी सकाळपासनं येत होता."

"मग काढला का नाहीस?"

आता तिने सूप खाली ठेवलं. चिडली नव्हती, रडवेली नव्हती. उन्हात काय वाळत घातलंय ते सांगावं तसं सांगितलं.

"काढला की फोन मरतो. फोन मेला की तू वरडतेस. मागल्या बारीला दोन दिस फोन नाय लागला तं केवढी बोललीस मला. म्हटलं, तापतो तं तापू दे, तुझा फोन येऊन जाऊ दे, मंग काढीन."

मी ओटीच्या कडेला बसले. दुकानदाराला सुनावलं, त्या मुलीला सुनावलं, कंपनीला लेखी सुनावलं. आता समोर सुनावायला कोणी उरलं नव्हतं. खिडकीपाशी खिळ्याला पिशवी नव्हती, बोर्डाभोवतीची भिंत काळी झाली होती.

"तू काय लिवतेस?" आईने विचारलं. माझ्या हातात फोन होता, फॉर्म उघडा.

"त्यांनी विचारलंय, तापतो हे कळल्यावर चालू ठेवला का. हो लिहिलं तर पैसे बहुतेक मिळायचे नाहीत."

"मंग नाय लिव."

"खोटं?"

"मंग खरं लिव. मला काय."

प्रश्नाखाली कारण लिहायला एक रिकामी चौकट होती. मी लिहिलं: होय, चालू ठेवला. फोन बंद पडला तर मुलगी रागावते, ही भीती चार्जरच्या भीतीपेक्षा मोठी होती.

खिडकीत उभी राहून, हात वर धरून मी फॉर्म पाठवला. दहा दिवसांनी कंपनीने पैसे परत केले. त्या चौकटीबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.