रिकाम्या पोटी घेतलेली गोळी

औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर “ही गोळी जेवणाआधी की नंतर?” हे विचारायला तुमची जीभ कधी अडखळली आहे का? माझी अडखळली नाही. मला तो प्रश्न सुचलाच नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आईला मधुमेह निघाला तेव्हा आम्ही नेरजवळच्या खेड्यात राहत होतो. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात मेटफॉर्मिन नावाची नवी गोळी मिळाली. डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली. कंपाउंडरने बाटली सरकवली, “सकाळी एक, संध्याकाळी एक.” बस्स, एवढंच.

दिवस वर्षावासाचे होते, आम्हा बौद्धांच्या पावसाळी व्रताचे. आई पहाटे पाण्याबरोबर गोळी गिळून कपाशीच्या शेतात निंदणाला जायची आणि शिदोरी सोडायची दहा वाजता. अष्टमी-पौर्णिमेला ती उपोसथ पाळायची. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही, पण संध्याकाळची गोळी मात्र चुकवायची नाही. सांगितलं होतं ना, संध्याकाळी एक.

चौथ्या दिवसापासून तिला मळमळू लागलं. मग जुलाब.

“बापू, तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यावानी लागते,” ती म्हणाली. “हे गोळी मले सोसत नाही.”

मी तेव्हा पत्रकं लिहायचो, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध, भगताविरुद्ध. मला वाटलं, हिला औषधाची भीती वाटते आहे.

“गोळी सोडायची नाही,” मी दटावलं. “जुन्या खुळात परत जायचं आहे का तुले?”

“मी काहून खोटं बोलू? दिवसातून सात खेपा पऱ्हाटीआड जाऊन राह्यली मी. तुह्या पत्रकात लिहून घे ते.”

तरी मी ऐकलं नाही. चार आठवडे ती गोळ्या गिळत राहिली आणि वाळत गेली. शेवटी तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टर भेटले नाहीत. कंपाउंडर हसत म्हणाला, “तुमच्या लोकायले इंग्रजी दवा पचत नाही. घेत राहा, पचते हळूहळू.”

माझी मूठ वळली होती. आईने मनगट धरलं. “त्याले मारून माही मळमळ थांबते का?”

तिथून सरळ सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी आईला स्टुलावर बसवून पहिला प्रश्न केला, “गोळी घेता तेव्हा पोटात काय असते, मावशी?”

“पानी. उपोसथाच्या संध्याकाळीही पानीच.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “ही गोळी जेवताना किंवा जेवण होताच घ्यायची. सुरुवात थोड्या मात्रेने, मग हळूहळू वाढवायची. तरीही काहींना मळमळ, जुलाब, तोंडाला धातूची चव हे होतंच, पण बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. उपोसथाच्या दिवशी काय करायचं हे आधी विचारून घ्यायला हवं होतं.”

मला हायसं वाटलं. दोष वेळेचा होता, वेळ बदलली की झालं. पण बाईंनी आईच्या नडगीवर अंगठा दाबला आणि तिथल्या सुजेत खळगा राहिला. त्यांनी लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. ती दह्यासारखी पांढरी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी कळलं, युरिया फार वाढला होता.

“गोळी आजपासून बंद,” बाई म्हणाल्या. “ही शरीरातून मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. मूत्रपिंडाचं काम थोडंच कमी झालं असतं तर मात्रा घटवून, नजर ठेवून देता आली असती. यांचं फार कमी झालं आहे. गोळी साठत जाईल, रक्तात आम्ल वाढेल, श्वास जड होईल, जीवही जाऊ शकतो. त्यात जुलाबाने शरीरातलं पाणी गेलं, त्याचा भार पुन्हा मूत्रपिंडावरच. ही तपासणी पहिल्या गोळीच्या आधी व्हायला हवी होती.”

पहिल्या गोळीच्या आधी! एक नळी, एक दिवा, थोडी लघवी. तेवढ्यासाठी माझी आई मरणाच्या दारात जाऊन आली. त्या दवाखान्याने तपासलं नाही आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. विज्ञानाच्या नावाने मी तिचं तोंड बंद केलं, ज्या रीतीने इतरांनी धर्माच्या नावाने केलं होतं.

आईला इन्सुलिन सुरू झालं. सुई टोचून घेताना ती म्हणाली, “तुह्या विज्ञानाले सांग, माणसाच्या मुतालेही विचारत जाय म्हणा.”

तुमच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा. ती कधी घेता आणि तेव्हा पोटात काय असतं, ते विचारा. मूत्रपिंड तपासून किती दिवस झाले तेही विचारा, आणि तपासलंच नसेल तर उद्या त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी न्या, आणि गोळी थांबवायची का हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. उत्तर मिळेपर्यंत दवाखान्याच्या दारातून हलू नका.