रोज बदलणारा पत्ता

महापेच्या ऑफिसात मी नेटवर्क सांभाळायचो. टेस्टिंगच्या मॅडम सकाळीच आल्या. "काल परवानगी दिलीत ना? सर्व्हर आज परत नाही म्हणतोय." सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज नवा आयपीव्ही-सिक्स पत्ता, म्हणजे मशीनची नेटवर्कवरची ओळख, दिसे, त्यामुळे आमच्या साहेबांना मशीन्स अनेक आहेत असं वाटलं. "अख्ख्या मजल्यालाच परवानगी दे," ते म्हणाले.

तसं केलं तर सर्व्हर सगळ्यांनाच खुला झाला असता, म्हणून मी ठाम नकार दिला. राउटरच्या साठवलेल्या नोंदींत प्रत्येक पत्त्यासमोर मशीनच्या नेटवर्क कार्डाचा न बदलणारा क्रमांक होता; तो जुळवत बसलो. सगळे पत्ते मॅडमच्याच कॉम्प्युटरचे निघाले. प्रायव्हसीसाठी, बाहेरच्या कोणी माग काढू नये म्हणून, तो रोज नवा तात्पुरता पत्ता घेत होता. तेवढ्या मशीनवर ती सोय बंद करून त्याच्या कायमच्या पत्त्याला परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "चालू आहे. माझ्या मोबाइलवर मात्र ती सोय राहू द्या."

"राहील," मी म्हणालो.