'ला' आणि 'ले'

आमच्या मराठीच्या सरांचा हात वर जायचा तेव्हा त्यात पट्टी असेलच असं नाही. कधी डस्टर असायचं, कधी नुसता पंजा. पंजा जास्त लागायचा.

नागपूरच्या आमच्या शाळेत आठवीत आम्हाला आठवड्यातून दोनदा व्याकरण असे. सर फळ्यावर एक वाक्य लिहीत आणि एकेकाला उभं करून शब्द चालवायला लावत. शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती, आणि ती विभक्ती का. बाकीचं सगळं पोरं घोकून आणायची, 'का'पाशी अडकायची. तिथंच मार होता.

"आईने मुलीला पाटी दिली. मुलीला?"

"द्वितीया, सर."

फाट. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी डस्टरखाली वाकली. तिच्या वेणीवर खडूचा पांढरा ठसा उमटला.

"ला दिसला की द्वितीया! गाढव आहेस. आईने काय दिलं? पाटी. दिलेली वस्तू पाटी, म्हणून पाटी कर्म. मुलगी काय आहे? जिला दिलं ती. मग?"

"चतुर्थी."

"आणि आईने?"

"तृतीया. कर्ता. कारण दिली भूतकाळी आहे, सकर्मक आहे. क्रियापद पाटीच्या मागे जातं, म्हणून दिली. कर्मणी प्रयोग." हे मी बोलले होते. न विचारता बोलले म्हणून माझ्याही हातावर एक पट्टी पडली, पण हलकी. सरांना उत्तर आवडलं होतं.

खोटं कशाला सांगू, शिकवायचे ते फार चांगलं. वाक्यातला प्रत्येक शब्द कोणाचं काहीतरी करतो किंवा कोणाकडून काहीतरी सोसतो, हे मला त्यांच्याच तासाला कळलं. कळलं की मला मजा वाटायची. घरी माय विड्या वळत बसायची आणि मी तिच्यासमोर बसून तिच्या बोलण्यातले शब्द चालवायची. माय म्हणे, "काय बडबडून राहिली वं, पानं भिजव." मग मी 'पानं'ची विभक्ती सांगायची आणि ती सुपानं मारल्यासारखं करायची.

त्या दिवशी सर म्हणाले, "आज वाक्य तुमचं. स्वतःचं वाक्य करा आणि चालवा."

माझा नंबर आला. मी पटकन म्हटलं, "माय मले भाकर देते."

वर्ग हसला नाही. हसण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही. घरी सगळेच असं बोलत.

सर माझ्या बाकापाशी आले. "चालव."

"माय. सामान्यनाम, स्त्रीलिंगी, एकवचनी, प्रथमा, कर्ता. देते हे क्रियापद तिच्या मागे जातं, म्हणून कर्तरी प्रयोग. मले. पुरुषवाचक सर्वनाम, प्रथमपुरुषी, एकवचनी, चतुर्थी. कारण भाकर मला मिळते."

"प्रत्यय?"

"ले."

पहिली थप्पड उजव्या गालावर बसली. "तक्ता म्हण. चतुर्थीचा."

"स, ला, ते. स, ला, ना, ते."

"ले आहे?"

"नाही सर."

"मग कुठून आणलास? तुमच्या वस्तीतून? तुम्हा लोकांना पुस्तकं दिली, फी माफ केली, तरी जिभेवरची घाण जात नाही."

तुम्हा लोकांना. वर्गात आम्ही वस्तीतल्या चौघी होतो. बाकीच्या तिघींनी एकदम खाली पाहिलं. माझा गाल जळत होता आणि डोकं त्याहून जास्त. मी म्हटलं, "तक्त्यात नाही सर. पण मायनं भाकर मलेच दिली."

दुसरी थप्पड कानावर आली. उघड्या पंजाची. आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, कुकरची शिटी सुरू व्हावी तसा, आणि तो थांबेचना. मी बाकाच्या कडेवर आपटले, उठले, तर सरांचं तोंड हलत होतं आणि डाव्या बाजूला शब्द नव्हतेच. मानेवरून काहीतरी ओलं ओघळलं. मागच्या मुलीनं किंकाळी फोडली तेव्हा मला कळलं की ते रक्त आहे. सर फळ्याकडे गेले आणि त्यांनी पुढच्या मुलाचा नंबर पुकारला.

घरी मी बाकावर पडले म्हणून सांगितलं. मायनं विश्वास ठेवला नाही. गालावर चार बोटं उठली होती. संध्याकाळी मामा मिलमधून आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. आमचा बाप गेल्यापासून आमच्यातच राहायचा. कापसाचे तंतू केसांत तसेच, त्यानं माझी हनुवटी धरून गाल दिव्याकडे वळवला. मग बसून भाकर खाल्ली, सगळी.

सकाळी तो पाळी सोडून आमच्यासोबत शाळेत आला. मायनं वाटेत तीनदा सांगितलं, "नुसतं विचारू गा. तू गप राय." तो हाव म्हणत होता.

सर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. माय पदर सावरत पुढे झाली. "काहून मारलं जी माह्या पोरीले?"

सरांनी मामाकडे पाहिलं, मायकडे नाही. "भाषा सुधारायला. घरी सुधारली असती तर मला हात उचलावा लागला नसता."

मामाचा हात मला दिसलाच नाही. सर टाकीच्या सिमेंटच्या काठावर आदळले, चष्मा एकीकडे, ते एकीकडे. मामानं त्यांची कॉलर धरून त्यांना उठवलं आणि पुन्हा मारलं. दुसऱ्या फटक्याला दात पडला. मी तो ओल्या सिमेंटवर पाहिला. मग दोन चपराशी आणि दहावीची मोठी पोरं धावली. त्यांनी मामाला खाली पाडलं आणि लाथा घातल्या. पोटात, पाठीत, तोंडावर. त्याचा एक डोळा मिटला तरी ते थांबेनात. माय त्याच्या अंगावर आडवी पडली तेव्हा तिच्याही पाठीत एक लाथ बसली. मी ओरडत होते आणि माझा आवाज मला एकाच बाजूनं येत होता.

हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. सर तोंडावर रुमाल धरून. मामा भिंतीला टेकून, शर्ट फाटलेला. हेडमास्तर म्हातारे होते, नागपूरचेच. पोलीस आले तर शाळेचं नाव जाईल, हे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

शेवटी त्यांनी सगळ्यांकडे पाहून ठरवलं. "असं सांगायचं. कोणी विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं. शाळेत गडबड झाली आणि तिघांना लागलं. तुमच्या मुलीला लागलं, सरांना लागलं, यांना लागलं. संपलं. कोणावर काही नाही." ते मायकडे वळले. "बाई, तुमच्या भावाचंही भलं यातच आहे."

मायनं मान डोलावली. मामानं उघडा होता तो डोळाही मिटून घेतला. मग हेडमास्तरांनी मला विचारलं, "काय सांगशील, बेटा?"

मी म्हटलं, "त्यात कर्ता नाही, सर."

"काय?"

"मुलीला लागलं. मुलीला चतुर्थी आहे. लागलं अकर्मक आहे. कोणी केलं, ते वाक्यात कुठंच नाही."

हेडमास्तर चिडले. "आहे की! मुलगी आहे ना कर्ता. तिलाच तर लागलं."

आणि रुमालाआडून आमचे सर म्हणाले, "नाही. मुलीला हा कर्ता नाही."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते तोंडातून गेल्यावरच कळलं. चुकीचं व्याकरण त्यांना सहनच व्हायचं नाही. दात पडलेला असतानाही झालं नाही.

"मग बरोबर वाक्य कोणतं, सर?" मी विचारलं. मी धीट होते म्हणून नाही. कान ठणकत होता, आणि वर्गात जसं विचारायची तसंच विचारलं गेलं.

त्यांनी रुमाल खाली घेतला. ओठ सुजून निळा पडला होता.

"तूच सांग."

"सरांनी मला मारलं. सरांनी, तृतीया, आदरार्थी बहुवचन, कर्ता. मला, द्वितीया, कर्म, कारण मार माझ्यावर पडला. कर्माला प्रत्यय लागला म्हणून मारलं कोणाच्याच मागे जात नाही. नपुंसकलिंगी, एकवचनी. भावे प्रयोग."

"बरोबर," सर म्हणाले. मग हेडमास्तरांना, "मी मारलं. कानावर मारलं."

"अहो, तुम्ही कशाला—"

"अन् यायले म्या मारलं," भिंतीपासून मामा सरांकडे बोट करत म्हणाला. "जे हाये ते सांगा. अन् मले कोनं कोनं मारलं तेबी सांगा."

मायनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं.

त्यानंतर हेडमास्तरांचं काही चाललं नाही. दुपारी पोलीस आले. मामाला चौकीत नेलं, तिथंही त्याला मारलं असणार. परत आला तेव्हा तो बसताना एका हातानं भिंत धरायचा. मिलनं त्याला कामावरून काढलं. कोर्टातून सुटेपर्यंत त्यानं गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांची हमाली केली, फुटलेल्या बरगडीवर. लाथा घालणाऱ्या पोरांना कोणी काही केलं नाही. आमच्या सरांना शाळेनं काढलं नाही, त्यांनीच सोडली. मौद्याकडे कुठल्याशा शाळेत गेले असं ऐकलं. ते पुन्हा आम्हाला दिसले नाहीत. नवीन सरांना व्याकरणाचा कंटाळा होता. ते उत्तरं लिहून द्यायचे आणि कोणाला मारायचे नाहीत.

त्या दिवशी शाळेतून परतताना रामदासपेठेतल्या डॉक्टरनं माझ्या कानात बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं आणि पडदा फाटला म्हणाला. भरून येईल, पण पूर्ण नाही. कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही.

मामाला चौकीत नेलं त्याच संध्याकाळी मायनं मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा, विड्यांच्या सुपानं, खांद्यावर, पाठीवर, हात लागेल तिथं. "गप राह्यली असती तर सुटला असता थो! शब्दायसाठी? शब्दायसाठी भाऊ घालवला माहा?" मी तोंड झाकून घेतलं आणि मोजलं नाही. मला तेव्हाही वाटत होतं की मी खरं तेच बोलले, आणि मायही खरं तेच बोलत होती. दोन्ही एकदम कसं खरं असेल हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सूप मोडलं तशी ती थांबली आणि तुकडे गोळा करत रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या अंघोळीचं पाणी तापवलं. कापसाचा बोळा वळला, विडीच्या टोकासारखा बारीक, आणि माझ्या डाव्या कानात हलकेच बसवला. मग उजव्या बाजूला येऊन बसली, मला ऐकू येईल अशी, आणि म्हणाली, "डोकं वाकव वं."